मूळ कारणाचा रकाना

अंबडच्या दुकानातून मी चादरी ऑनलाइन विकतो. हळदीचा डाग पडलेली एक चादर गिऱ्हाइकाला नवी म्हणून गेली आणि विक्रीची साइट चालवणाऱ्या कंपनीनं माझं विक्रेत्याचं खातं बंद केलं. ती चादर आधी एकाकडून परत आलेली होती. घडी घालून पुन्हा पाठवा, असं पॅकिंगवाल्या भाभींना मीच सांगितलं होतं.

"पुन्हा असं होणार नाही" एवढंच लिहिलेलं पहिलं अपील फेटाळलं गेलं. कंपनीला चुकीमागचं मूळ कारण, केलेली सुधारणा, पुढची खबरदारी आणि पुरावे हवे होते. मी व्यापाऱ्याची बिलं जोडली, परत आलेल्या मालाच्या वेगळ्या रॅकचा फोटो जोडला. मूळ कारणाच्या रकान्यात मात्र लाज कोळून पिऊन लिहिलं: पॅकिंग करणाऱ्या बाईंनी माल तपासला नाही. त्यांना प्रशिक्षण दिल्याचा कागदही केला. त्यावर त्यांची सही लागणार होती.

भाभींनी तो कागद सावकाश वाचला. "भाऊ, डाग तर मी तुम्हाला दाखवल्ता," एवढंच म्हणाल्या आणि सही केली.

खातं सुरू झालं. खबरदारी म्हणून मी तपासणीची वही ठेवीन, असं लिहून दिलं होतं. आता परत आलेली प्रत्येक चादर भाभी माझ्यापुढं उलगडतात आणि वही सरकवतात.

"बराबर बघा, भाऊ. मंग तुम्ही सही करा."