फ्रेममधली मार्कशीट

आमच्या भांडुपच्या खोलीत त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी कोर्ट भरायचं. आरोपी मी. गुन्हा एवढाच की दहावीला मला चांगले मार्क पडले होते. वाईट पडले असते तर कोणाला काही पडलेलीच नसती. शिवणाचा क्लास लावून मोकळे झाले असते. पण गणितात मार्क एवढे की मुख्याध्यापिका बाईंनी बाबांना बोलावून सांगितलं, "मुलीला इंजिनिअर करा." आणि पुढे कसं करायचं ते काही सांगितलं नाही.

रस्ते दोन होते. एक, अकरावी-बारावी सायन्स करायचं, बारावीच्या मार्कांवर इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं आणि चार वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर यायचं. दुसरा, दहावीनंतर सरळ पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा. तिथून नोकरीला लागा, नाहीतर मार्क चांगले असतील तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जा.

पहिल्या रस्त्याचा वकील होता माझा मावसभाऊ. घाटकोपरला राहायचा, माझ्याच वयाचा, दहावीला माझ्यापेक्षा चार मार्कांनी पुढे. त्या चार मार्कांवर तो पुढची कित्येक वर्षं जगला.

"डिप्लोमा म्हणजे काय माहितेय ना?" तो आमच्या कॉटवर मांडी घालून सांगायचा. "खाकी कपडे घालायचे आणि दिवसभर लोखंड घासायचं. फिटर होशील फिटर!"

हे वाक्य त्याने चुकीच्या घरात उच्चारलं होतं. बाबा गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, फिटर होते. त्याच वर्षी संप लागला, गिरणी बंद पडली, आणि ते भांडुपच्याच एका छोट्या कारखान्यात मिळेल ते काम करत होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"फिटर वायट काय रे?" ते म्हणाले. "फिटर नसतो तर तुझ्या अंगावरचो सदरो कोणी विणलो असतो?"

मावसभाऊ स्वतःच्या सदऱ्याकडे बघू लागला. पण आई गप्प बसणारी नव्हती. "अहो, चेडवाक घासूक धाडतास? बाकीचे सगळे झिलगे असतले थंय!" एवढ्या मुलग्यांत एकटी पोरगी, ही तिची धास्ती.

"असतले तर असतले. हिका काय खातत?"

मग बाबांनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने हिशेब मांडला. अकरावी, बारावी आणि डिग्रीचं पहिलं वर्ष, झाली तीन वर्षं. डिप्लोमा, तीन वर्षं. म्हणजे दोन्ही रस्ते एकाच वेळी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाच्या दारात. फरक असा की पोरगी बारावीला घसरली तर हातात बारावीचा कागद, त्याला बाजारात कोणी विचारत नाही. डिप्लोमानंतर दार बंद झालं तरी ड्रॉइंग ऑफिसात नोकरी मिळेल.

"आणि दुसऱ्या वर्षाला घेतलंच नाही तर?" मावसभावाने शेवटचा डाव टाकला. "जागा मोजक्या असतात काका. सगळे डिप्लोमावाले त्याच्यावर टपलेले."

"तर नोकरी करतली. उपाशी रवूची नाय," बाबा म्हणाले. कोर्ट उठलं.

मी पॉलिटेक्निकला गेले. मेकॅनिकलच्या वर्गात मुलगी मी एकटी. पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा अडकवून हातात कानस दिली आणि सर म्हणाले, घासा. कोपरा काटकोनात आला पाहिजे, गुण्या लावून उजेडाकडे धरला तर फटीतून उजेड दिसता कामा नये. दिसला. परत घासा. परत दिसला. माझा तुकडा घासता घासता एवढा लहान झाला की सर म्हणाले, "ताई, आता ह्याचं कानातलं करा." वर्ग हसून लोळला. तिसऱ्या तुकड्याला मात्र उजेड दिसला नाही, आणि मी तो घरी आणून बाबांना दाखवला. त्यांनी बल्बसमोर धरला, उलटा केला, पुन्हा धरला. "बरो आसा," एवढंच म्हणाले आणि तो तुकडा घेऊन कारखान्यात दाखवायला गेले.

तीन वर्षं माझी अशी मजेत गेली. मावसभावाची बारावी मात्र फार वाईट गेली; म्हणजे मार्क पडले भरपूर, पण बिचाऱ्याने दोन वर्षं घराबाहेर सूर्य पाहिला नाही. त्याला डिग्रीला मेकॅनिकल मिळालं. पहिल्या वर्षी तोही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये उभा राहिला, खाकी कपडे घालून, लोखंड घासत. हे मला मावशीकडून कळलं, आणि मी मुद्दाम घाटकोपरला जाऊन त्याच्या हाताचे फोड बघून आले.

आता डिप्लोमाचा शेवटचा निकाल. मला फर्स्ट क्लास मिळाला, डिस्टिंक्शनच्या अगदी उंबऱ्यावर. थेट दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरला, मेरिट लिस्ट लागली, माझं नाव तिच्यात होतं, फार वर नाही, फार खाली नाही. म्हणजे सगळ्यात छळवादी ठिकाणी. त्याच वेळी मुलुंडच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसातून पत्र आलं, सोमवारपासून या. प्रवेश होता शुक्रवारी. जागा मिळाली तर डिग्री; नाही मिळाली तर सोमवारी डबा घेऊन मुलुंड. पुढच्या वर्षी बघू, असं घरात कोणी म्हणालं नाही, आणि मलाही ठाऊक होतं की एकदा पगार सुरू झाला की पुढचं वर्ष कधी येत नाही. मला डिग्री हवी होती. मनापासून, हट्टाने, लहान मुलाला फुगा हवा असतो तशी.

आणि इथे बाबांनी घोळ घातला.

मार्कशीट आली त्या दिवशी मी तिच्या झेरॉक्स काढून त्यांवर 'ट्रू कॉपी'चे सही-शिक्के मिळवून आणले आणि मूळ कागद बाबांच्या हातात दिला. मेरिट लिस्ट बघून घरी आले तर मार्कशीट भिंतीवर. स्टेशन रोडला देवांचे फोटो मढवणारा एक माणूस होता, त्याच्याकडून करून आणलेली. सोनेरी नक्षीची चौकट, पुढे काच, मागे पुठ्ठा, खिळे. गणपतीच्या आणि आजोबांच्या मधोमध टांगलेली. आईने काचेवर कुंकवाचं बोटही लावलं होतं.

"बाबा, ही मूळ मार्कशीट आहे! शुक्रवारी न्यायची आहे!"

"मगे अशीच ने. काचेतसून दिसता मां सगळा?"

मी फ्रेम उघडायला घेतली तर त्यांचा चेहरा असा पडला की माझा हात थांबला. खरंच, दिसत तर होतं सगळं. आणि मूळ कागद फक्त बघायला मागतात असं मला कोणीतरी सांगितलं होतं. ते कोणीतरी म्हणजे मावसभाऊ.

शुक्रवारी मी आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेली फ्रेम काखेत मारून कॉलेजच्या हॉलमध्ये गेले. बाबा अर्धी रजा टाकून आले होते, बाहेर कट्ट्यावर बसले. मावसभाऊ आत माझ्यासोबत. समोर फळ्यावर शाखांची नावं आणि पुढे खडूने उरलेल्या जागा. नाव पुकारलं की पुढे जायचं, कागद द्यायचे, शाखा सांगायची, आणि शिपाई आकडा पुसून एकने कमी करायचा. माझं नाव आलं तेव्हा मेकॅनिकलसमोर दोन होते. देवा, दोन!

मी टेबलापाशी जाऊन फ्रेमभोवतीची साडी सोडली. क्लार्क काका आधी माझ्याकडे आणि मग फ्रेमकडे बघत राहिले.

"हे काय?"

"मार्कशीट."

"कुंकू लावलेली?"

"आईने लावलंय."

"अहो ताई, मूळ कागद जमा करायचे असतात. मला ही फाईलला लावायचीय, भिंतीला नाही."

हॉलमध्ये खसखस पिकली. मी मावसभावाकडे वळून पाहिलं. तो छताचा अभ्यास करत होता.

टेबलाच्या मधोमध चष्मेवाले प्राध्यापक बसले होते. ते म्हणाले, "कागद नसतील तर पुढचं नाव घ्या. ह्यांना शेवटी बघू."

"सर, शेवटी जागा राहणार नाही!"

"मग लवकर काढा. मी थांबू शकत नाही." आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

मी फ्रेम जमिनीवर उलटी ठेवून बसकण मारली. मागे ब्राऊन पेपर, त्याखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याला चौफेर बारीक खिळे, चांगले दहा-बारा. क्लार्क काकांच्या टेबलावर फायलींना भोकं पाडायचा दाभण होता.

"काका, दाभण द्या ना."

"टोक मोडलं तर साहेब मला मोडतील."

"मेकॅनिकलची आहे मी. नाही मोडणार."

दिला. मावसभाऊ शेजारी बसून म्हणाला, "थांब, तरफेचं तत्त्व लाव. टेकू जितका जवळ..."

"तू फ्रेम धर."

"अगं पण बल कुठे..."

"यार, फ्रेम धर आणि तोंड बंद कर!"

पुढच्या मुलाने सिव्हिल घेतलं. चार खिळे निघाले. त्याच्या पुढचा आला आणि म्हणाला, "मेकॅनिकल." शिपायाने दोन पुसून एक लिहिला. मी खिळ्यांकडे बघायचं सोडून फळ्याकडे बघत होते, तर दाभण अंगठ्यात गेला. आठ. तिसरं नाव पुकारलं. तो मुलगा इलेक्ट्रिकल की मेकॅनिकल ते वडिलांना विचारत होता. त्या वडिलांचं आयुष्य उदंड होवो, ते म्हणाले, "नीट विचार कर, घाई नको." दहा. अकरा. बारावा खिळा वाकडा होता. तो पुठ्ठ्यासकट उपटला.

पुठ्ठा उचलला तर मार्कशीटच्या मागून भरतीला घातलेलं सिनेमाचं पोस्टर बाहेर पडलं. तलवार उपसलेला हिरो, कंबरेपर्यंतच, खालचा अर्धा दुसऱ्या कोणाच्या देवामागे गेला असणार. ते घसरत थेट प्राध्यापकांच्या बुटापाशी पोचलं. त्यांनी उचललं, उलगडलं, चष्मा कपाळावर ढकलून निरखलं.

"हेही जमा करायचंय का?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

इकडे वडील-मुलाचा विचार अजून चालूच होता. मी मार्कशीट टेबलावर ठेवली, अंगठ्याचं रक्त लागू नये म्हणून दोन बोटांच्या चिमटीत. "सर, मेकॅनिकल."

पाणी पिऊन झाल्यावर प्राध्यापकांनी त्या बापलेकांकडे पाहिलं. "तुमचं ठरलं?" मुलगा म्हणाला, "इलेक्ट्रिकल, सर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्या हिला. हिचा नंबर आधीचाच होता."

शिपायाने फळ्यावरचा एक पुसला. तिथे काहीच लिहिलं नाही, नुसती खडूची धूळ राहिली. एवढी सुंदर धूळ मी पुन्हा पाहिलेली नाही.

बाहेर आले तेव्हा माझ्या हातात रिकामी फ्रेम होती, सुटी काच साडीत गुंडाळून काखेत. बाबा ती बघून उभे राहिले.

"कागद खंय गेलो?"

"ठेवून घेतला."

"कोणी? कित्या?"

"कॉलेजने. बाबा, जागा मिळाली!"

त्यांनी ते ऐकलं. डोळे मिटले, उघडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मावसभावाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पायऱ्या खाली गेला. आणि लगेच चौकटीतून हात आरपार घालून म्हणाले, "पण ह्यात आता काय घालूचा?"

माझ्या दुसऱ्या हातात प्रवेशाची चिठ्ठी होती, फी भरताना दाखवायची. त्यांनी ती घेतली, चौकटीवर ठेवून बघितली. "ल्हान पडता," असं पुटपुटून वीत लावून मापही घेऊ लागले.

मी झडप घालून चिठ्ठी ओढून घेतली आणि थेट ब्लाऊजमध्ये खोचली. तिथून ती फीच्या खिडकीवरच बाहेर आली.