जावयाचा वेगळा मसाला

वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत तिळाचं आणि माझं उत्तम चाललं होतं. लाडू खाल्ले, चिक्की खाल्ली, भाकरीवर तीळ थापून खाल्ले. मग एके दिवशी माझ्या अंगाने मला न विचारता तिळाशी वैर धरलं आणि सोबतीला मोहरीलाही ओढलं. मी भिवंडीत एका गोदामात सुपरवायझर आहे. तिथे हजार माणसं मला विचारून माल हलवतात. अंगाला मात्र तेवढी शिस्त नाही.

पहिला प्रकार गोदामाबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर झाला. नूडल्स संपायच्या आत ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या. गोदामातल्या प्रत्येकाने निदान केलं. कोणी म्हणालं मिरची, कोणी म्हणालं शिळं तेल, एकाने तर नजर लागली म्हणून मीठ ओवाळलं. उतरलं आपोआप, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा शोरमा खाल्ला आणि त्या वेळी छातीतून शिट्टी वाजायला लागली, तेव्हा बायकोने दंडाला धरून ठाण्याच्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सगळी हकीगत ऐकली, मग हातावर थेंब ठेवून बारीक टोचण्या केल्या. शेंगदाण्याच्या जागी काही नाही, कोळंबीच्या जागी काही नाही. तीळ आणि मोहरीच्या जागी मात्र दोन टपोरे फोड. "दोन्ही बंद. आणि हे दिसेल तिथे नसतं, दिसत नाही तिथे असतं," ते म्हणाले. पाकिटांवर ठळक अक्षरात शेंगदाणे, दूध, अंडं, मासे लिहावं लागतं, पण तीळ आणि मोहरी आपल्याकडे त्या सक्तीच्या यादीत नाहीत. त्यामुळे बारीक अक्षरातली पूर्ण यादी वाचायची, आणि जिथे नुसतं 'मसाले' असं मोघम लिहिलंय ते ठेवून द्यायचं. रोज शेकडो खोक्यांवरची तारीख आणि बॅच तपासणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने स्वतःच्या पोटात जाणाऱ्या मालाचं लेबल कधीच वाचलं नव्हतं. शेवटी त्यांनी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं ते आम्हा दोघांना शिकवलं. अ‍ॅलर्जीची गोळी खाजेसाठी. श्वास अडकला तर गोळीची वाट बघायची नाही, आधी इंजेक्शन आणि मग थेट हॉस्पिटल.

त्यानंतर मी विचारायला शिकलो, आणि भिवंडीने मला उत्तरं दिली. चायनीजवाल्याला म्हटलं, "भाई, इसमें तिल है?" तो म्हणाला, "बिलकुल नहीं." म्हटलं, ही बाटली कसली? "वो तिल का तेल है. पर डालता नहीं, खाली टपकाता हूँ, खुशबू के लिए." शोरमावाला तर दुखावलाच. "तिल कहाँ से आएगा साहब, ये तो ताहिनी है." ताहिनी म्हणजे वाटलेले तीळच, हे सांगितल्यावर त्याने मोठ्या मनाने ताहिनी वगळून नुसतं मेयोनीज लावायची तयारी दाखवली. मेयोनीजच्या बरणीवर मोहरीची पूड छापलेली होती. वडापाववाल्या मावशी हसून म्हणाल्या, "सुकी चटनी हाय, तिच्यात काय नस्तं." त्या काही नसण्यात लसूण, खोबरं, शेंगदाणे आणि भाजलेले तीळ होते.

कोणी खोटं बोलत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. माणसाला तीळ विचारला की त्याच्या डोळ्यापुढे पांढरा दाणा येतो. दाणा दिसत नसेल तर तो नाही म्हणतो. म्हणून 'आहे का' विचारायचंच नाही, 'काय काय घातलं' ते विचारायचं. तेल कोणतं, चटणी कशाची, मसाला घरचा की पाकिटातला, पाकीट असेल तर दाखवा, तवा आणि कालथा तोच वापरता का. उत्तर देणारा 'बहुतेक' म्हणाला की पाणी पिऊन पुढे जायचं. हे सगळं मी गोदामातल्या पोरांना इतकं ऐकवलं की ती मला बघितल्यावर डबे झाकायला लागली.

पण एक जागा अशी होती जिथे मी यातलं एक अक्षर बोलत नसे. माझी सासुरवाडी.

भिवंडीजवळच्या कोन गावात बायकोचं माहेर आहे. आगरी घर, पाच पिढ्यांची शेती, त्यातली अर्धी आता गोदामांखाली. सासूबाईंच्या हाताला अशी चव की त्यांच्या कालवणासाठी लोक सुट्ट्या बदलून घेतात. तिथे जावयाने ताटावर बसून 'काय काय घातलंय' असं विचारणं म्हणजे भर मांडवात हुंडा मागण्याइतकं वाईट दिसतं. जावयाने जेवायचं, नको नको म्हणायचं आणि वाढलं की पुन्हा जेवायचं. आजार कळल्यावर पहिलं वर्षभर मी तिथे दही-भात आणि उकडलेली अंडी खाल्ली. सासूबाई समोर बसून माझ्या ताटाकडे अशा बघायच्या की जणू घरात सुतक आहे. "माज्या घरशी जावय उपाशी जातो," असं त्या शेजारी सांगत, आणि ते हिंडून फिरून माझ्या कानावर येई. मला खरंच वाईट वाटायचं. आईवेगळा वाढलेला माणूस आहे मी, लग्नानंतर मला पोटभर रागावून वाढणारं त्याच एका घरात कोणी भेटलं होतं.

मग उन्हाळा आला, वर्षाचा मसाला करायचे दिवस. त्यांच्या घराच्या मसाल्यात इतर वीस जिनसांबरोबर भाजलेले तीळ आणि मोहरी पडतेच. यंदा सासूबाईंनी जाहीर केलं की जावयाचा मसाला वेगळा होणार. किलोभराचाच, पण वेगळा. त्यासाठी त्यांनी नवी कढई काढली. मसाला कुटायच्या डंकावर त्या सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या, उखळ स्वतः धुऊन पुसून घेतलं, वर आधीचा कण राहिला असेल तर निघावा म्हणून पहिला घाणा धन्यांचा कुटून तो वेगळा काढला. गावात चर्चा झाली. मंत्र्याच्या जेवणालाही एवढा बंदोबस्त नसेल.

त्या रविवारी दुपारी त्यांनी कोळंबीचं कालवण केलं. तांदळाची भाकरी, लाल तवंग, वास असा की माझा सगळा अभ्यास पातळ झाला. तरी मी धीर करून विचारलं, पण जावयासारखं विचारलं. "आई, तीळ-मोहरी नाही ना?"

"देवाशपथ न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "तीलाचा एक दाना न्हाय, मव्हरीचा न्हाय. तुमी बिनघोर जेवा."

मी बिनघोर जेवलो. दुसऱ्या भाकरीला तळहात खाजायला लागले. मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. मी म्हणालो, काही नाही, तिखट आहे. हे म्हणतानाच माझा आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. मग घसा आतून आवळत गेला, उलटी झाली. बायकोने पर्समधलं इंजेक्शन काढलं आणि पँटवरूनच मांडीत टोचलं. मी उठून बसायला बघत होतो, तिने दटावून आडवं ठेवलं. सासऱ्यांनी गाडी काढली. मागच्या सीटवर तसाच निजलेला मी वर बघत होतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक कंटेनरचा हॉर्न मोजत होतो. मला भीती वाटत होती. साधी, सरळ, मरणाची भीती.

हॉस्पिटलमध्ये श्वास मोकळा झाला तरी त्यांनी सोडलं नाही. उतरलेलं पुन्हा चढू शकतं म्हणून काही तास नजरेखाली ठेवलं. सासूबाई दुसऱ्या गाडीने आल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. पदर तोंडात धरून त्या एकच म्हणत होत्या, "मी न्हाय टाकला गो. पोरी, मी न्हाय टाकला."

"आई, टाकलास असं कोणी म्हणत नाही," बायको म्हणाली. तिने त्यांना स्टुलावर बसवलं. "मला फक्त सांग, मिरच्या उन्हात घातल्यास तिथपासून डब्याचं झाकण लावलंस तिथपर्यंत तू काय काय केलंस."

सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली. मिरच्यांचे देठ खुडले. धने निवडले. दालचिनी, लवंग, दगडफूल, एकेक जिन्नस नव्या कढईत भाजली. डंक धुतला. कुटलं, चाळलं, परातीत हळद-हिंग मिसळलं. नवा डबा पुसला.

"मग भरलास?"

"मंग भरला. जुन्या बरनीतला इरजन टाकला, कालवला न् भरला."

सासरे दाराशी होते, तेही आत आले.

त्या घराची रीत होती. नव्या मसाल्यात गेल्या वर्षीचा ओंजळभर मसाला कालवायचा, विरजणासारखा, म्हणजे चव तुटत नाही. सासूबाईंनी हे त्यांच्या सासूकडून घेतलं होतं, त्यांनी त्यांच्या सासूकडून. जुन्या मसाल्यात तीळ होता, मोहरी होती, आणि सासूबाईंची ओंजळ काही लहान नाही. पण विरजण ही जिन्नस नव्हती त्यांच्या लेखी. देवापुढे हात जोडणं कोणी कृतीत धरतं का? दहा वेळा 'तीळ आहे का' विचारलं असतं तरी त्यांनी दहा वेळा खरं तेच उत्तर दिलं असतं. माझी सगळी विद्या मी रस्त्यावरच्या लोकांवर खर्च केली होती आणि जिथे जिवाचा प्रश्न होता तिथे लाजलो होतो.

त्यानंतर दोन महिने मी कोनला गेलो नाही. भीती होती आणि थोडा रागही होता, तो कोणावर ते ठरत नव्हतं. शेवटी सासऱ्यांचाच फोन आला, की या, ती जेवत नाही नीट.

गेलो. सासूबाईंनी ताट वाढलं, पण हातात धरूनच ठेवलं.

"पयलं इचारा," त्या म्हणाल्या.

मी ओशाळून म्हणालो, "असू दे हो आई."

"इचारा. न्हायतं ताट देनार न्हाय."

मी विचारलं, काय काय घातलंय. त्यांनी मिरचीच्या देठापासून सगळं सांगितलं, हिंगापर्यंत, तेलापर्यंत. मग थांबल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "इरजन न्हाय. जुना मसाला गावांत वाटून टाकला सगला. घरातला नवा पन परत कुटला, तील-मव्हरीबिगर. एका घरान दोन मसाले ठेवले तं कदीतरी माजाच हात चुकंल."

मी घास घेतला. कालवण बरं होतं. नुसतं बरं. ज्या चवीसाठी लोक सुट्ट्या बदलून घेत होते ती त्यात नव्हती, आणि हे त्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. सासरे मान खाली घालून जेवत होते. सासूबाई माझ्या तोंडाकडे, घशाकडे बघत होत्या, जेवणाच्या तारिफेसाठी नाही, मी श्वास घेतोय का ते बघायला. मला भरून आलं. मी ताट पुढे केलं आणि म्हणालो, अजून वाढा.

"पयलं थांबा," त्या म्हणाल्या. "अजून दहा मिन्टं जाऊंद्या."