रंजिताताईचा उशिरा गेलेला मेल

शहाद्यातल्या माझ्या दुकानात कुणाचाही ऑनलाइन फॉर्म भरताना ईमेलच्या रकान्यात मी माझाच पत्ता टाकतो. लोकांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, माझा धंदा अडत नाही. म्हणूनच रंजिताताईला आलेला नोकरीचा मेल माझ्याकडे आला आणि मी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे रील काढत बसलो. परत येऊन मेल उघडला, तोवर होकार कळवायची मुदत टळून आठवडा झाला होता.

रंजिताताई जवळच्याच ब्राह्मणपुरीची. इथल्या एका खाजगी कॉलेजच्या ग्रंथालयात दरवर्षी जूनमध्ये लागते, एप्रिलमध्ये सुटते. पुस्तकावर भज्यांचं तेल सांडलं तर पोरांच्या आईपर्यंत जाणारी बाई. मेल आलेली धुळ्याच्या संस्थेतली जागा कायमची होती आणि पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

मी सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. धुळ्याला फोन लावला. "जे असेल ते मेलवर कळवा," एवढंच उत्तर मिळालं.

मी जोरात कारणं टाइप करू लागलो. वीज, नेट, आजोबांचं आजारपण.

ताईने खुर्ची ओढली. "लाईट गयी, नेट गये, आजोबा बी गया. तू कोठे गया व्हता, ते नही लिखं?"

"ताई, कारण तर सांगनं पडीन ना?"

"इतलं कोण वाचीन? बठ्ठं पुसी टाक." मी सगळं पुसलं.

"मंग मन्हं नाव लिखू? मन्हामुळे व्हयनं ना."

"कसाले? नोकरी मन्ही, मेल मन्हा. त्यासले तुन्हासंगे काय करनं शे?"

मग तिने सांगितलं, मी लिहिलं. त्यांच्याच मेलला उत्तर म्हणून, विषय न बदलता:

"उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. आपला मेल मी वेळेत पाहिला नाही. नियुक्ती मला मान्य आहे. सोमवारपासून रुजू होऊ शकते. कागदपत्रे सोबत जोडली आहेत. जागा भरली असल्यास कृपया तसे कळवावे. माझा थेट मोबाइल क्रमांक खाली दिला आहे."

मी शेवटी आणखी एकदा 'मनापासून क्षमस्व' घातलं. तिने बोट दाखवून ते खोडायला लावलं. "एक डाव मांगी ना माफी. रडी रडी काय मांगनी?"

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. स्पष्ट कळवल्याबद्दल आभार, प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार रुजू झाला आहे, शुभेच्छा. ताईने दोनदा वाचलं.

"बरं लिखंस," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून बसस्टँडकडे निघाली. एप्रिलला अजून वेळ होता.

ती अजून दुकानात येते. स्वतःचा ईमेल काढून घेतलाय, पासवर्ड तोंडपाठ. तिची माफी मागायची राहिलीच आहे. दर वेळी तोंड उघडतो आणि यात्रेपासून सुरुवात करतो. ती म्हणते, "जाऊ दे, प्रिंट काढ."