अठ्ठेचाळीस तास

माझी मावशी भरतकामाच्या मशीनसाठी नक्ष्या बनवते. कॉम्प्युटरवर फुलापानांचा एकेक टाका आखायचा, फाईल परदेशी पाठवायची, की तिकडची मशीनं ती कापडावर उतरवतात. नऊ वर्षं हेच. तिची एकही नक्षी तिने प्रत्यक्ष दोऱ्यात पाहिलेली नाही, कारण मशीन तिच्याकडे नाही.

ते आता येणार होतं. पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाई दुकान बंद करत होत्या. त्यांनी आपलं भरतकामाचं जुनं, फाईलवर चालणारं मशीन मावशीसाठी शनिवारी दुपारी बारापर्यंत राखून ठेवलं होतं. बारानंतर बाहेरगावचा एकजण टेम्पो घेऊन येणार होता.

पैसे होते. गिऱ्हाइकं मावशीला डिजिटल नाण्यांत पैसे देतात आणि ते एका एक्स्चेंजवर, म्हणजे अशा नाण्यांच्या ऑनलाइन बाजारात, जमा होतात. तिथून बँकेत काढायचे तर प्रत्येक वेळी मोबाईलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड लागतो. आणि आठवडाभर आधी, शुक्रवारी, मावशीचा मोबाईल बसमध्ये गेला.

नवा मोबाईल घेतला, त्याच नंबरचं सिम दुसऱ्या दिवशी मिळालं. पण ॲप नंबरावर चालत नाही, मोबाईलमध्ये साठवलेल्या अक्षरं-आकड्यांच्या गुप्त किल्लीवर चालतं. सुरुवातीला ती किल्ली कागदावर लिहून ठेवा, असं एक्स्चेंजने बजावलं होतं. मावशी म्हणे, कागद कोणाच्याही हाती लागतो. म्हणून तिने किल्लीचा फोटो काढला आणि ठेवला कुठे, तर त्याच मोबाईलमध्ये. मी कपाळावर हात मारून घेतला.

लॅपटॉपवर खातं उघडंच होतं. पैसे दिसत होते, हलत नव्हते. त्याच शनिवारी, ॲप नव्याने जोडून द्या, असा एक्स्चेंजकडे अर्ज केला: ओळखपत्र, आणि तारीख व एक्स्चेंजचं नाव हाताने लिहिलेला कागद धरून चेहऱ्याचा फोटो. सोमवारी अर्ज परत आला, कारण ओळखपत्रावर दिव्याची चमक पडली होती. पुन्हा खिडकीशी बसून फोटो काढला. बुधवारी सकाळी दहाला मंजुरी आली, नव्या मोबाईलवर ॲप जोडलं. पण पैसे काढणं अठ्ठेचाळीस तास बंद. म्हणजे शुक्रवारी सकाळी दहाला मोकळं. मावशीने शिंपीणबाईंना फोन करून सांगूनही टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर ती खुशीत होती. म्हणाली, "जुना मोबाईल कोणाच्या हाती असेल देव जाणे. मी पासवर्डपण बदलून टाकला."

पासवर्ड बदलताना स्क्रीनवर आलेल्या सूचनेला तिने नेहमीसारखी न वाचताच टिचकी मारली होती. त्यात लिहिलं होतं, पासवर्ड बदलल्यास पैसे काढणं पुन्हा अठ्ठेचाळीस तास थांबेल. संध्याकाळी सहाला बदलला होता. म्हणजे शनिवारी संध्याकाळी सहा. दुपारच्या बारानंतर सहा तास.

मी तिच्यावर ओरडले. नको होतं ओरडायला. ताकही फुंकून पिणारी बाई ती, तिने फुंकलं इतकंच.

एक्स्चेंजच्या मदतकक्षाशी दीड तास लिहून बोलणं चाललं. समोरचा माणूस सभ्य होता. मुदत कोणालाच कमी करता येत नाही, त्यालाही नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. खातं चोरणारा नेमकं हेच करतो: मोबाईल हरवला म्हणतो, पासवर्ड बदलतो आणि पैसे काढायची घाई करतो. खऱ्या मालकाला कळायला वेळ मिळावा म्हणून हे तास. मला राग आला, आणि त्यात खोट काढता येईना याचा जास्त आला. तिकडून पाहिलं तर चोर आणि मावशी सारखेच दिसत होते. माझी शिल्लक मी पुढे केली, त्यात मशीनचा एक पायही आला नसता.

शनिवारी आम्ही शिंपीणबाईंकडे गेलो. मावशीने लॅपटॉप उघडून रक्कम दाखवली. बाईंना पटलं होतं, पण टेम्पोवाल्याला अंधाराआधी गाव गाठायचं होतं आणि त्याने रोख आणली होती.

"तुझ्यावर माझा विश्वास आहे गं," बाई म्हणाल्या, "पण आजच खोली रिकामी करून द्यायची आहे मला."

मावशी मान हलवत राहिली. टेम्पोवाला सुई खाली असतानाच मशीन उचलू लागला, तेव्हा तिने त्याला थांबवलं. सुई वर घेतली, कापड ताणून धरायची चौकट सोडवून वेगळी गुंडाळली, दोरा ओवायचा क्रम त्याला दोनदा समजावला. तिला सगळं पाठ होतं. मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी सहाला पैसे काढायचं बटण उघडलं. मावशीने कोड टाकला, पैसे बँकेत गेले, दहा मिनिटांत. मग तिने विचारलं, "त्या माणसाचा नंबर घेतलास का गं? माझी एखादी फाईल पाठवली, तर कापडाचा फोटो तरी पाठवेल."

मी नंबर घेतला नव्हता.