मशीन वहिनी भरून बघतील

मुकादम बोलायच्या आधी काच वाजवायचा. घरीसुद्धा. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी असली की फ्रीजच्या दारावर बोटाने टकटक करायचा आणि मग म्हणायचा, "चहा टाकतेस का?" बायको म्हणायची, "या माणसाला एक दिवस भिंतीतच चिणून टाकते, म्हणजे जिवाला बरं वाटेल त्याच्या."

खोड लाँड्रीतली होती. हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री, आणि लाँड्रीच्या मधोमध आरपार भिंत. एका बाजूला मळके कपडे, दुसऱ्या बाजूला धुतलेले. धुण्याची मशीन भिंतीतच बसवलेली, दोन दारांची. मळक्या बाजूने भरायची, स्वच्छ बाजूने काढायची. मळक्या बाजूला पाऊल टाकलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय स्वच्छ बाजूला यायचं नाही. म्हणून दिवसभराचं सगळं बोलणं भिंतीतल्या काचेच्या खिडकीतून चालायचं. आधी टकटक, मग हातवारे. पालथा पंजा म्हणजे थांब. फिरवलेलं बोट म्हणजे मशीन चालू कर. अंगठा म्हणजे ठीक.

काचेपलीकडे असायची त्याची वहिनी. थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हा दोन्ही घरांना एकाच चुलीचा आधार उरला होता, आणि मुकादम तेव्हा नुसता हमाल होता. त्याला या कामाला चिकटवलं वहिनीनेच. पुढे तो मुकादम झाला, ती मळक्या बाजूलाच राहिली. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी. बाकी सगळी लाँड्री तिला आक्का म्हणे. बुटकी बाई. पण ओल्या गाठोड्याला अशी मिठी मारायची, की गाठोडंच गुमान उठायचं.

जुन्या मशीनचं दार छातीच्या वर होतं. वहिनी लाकडी पाट घेऊन त्यावर चढायची आणि चादरींची बोचकी खांद्यावरून आत लोटायची. अशी वर्षं गेली आणि उजवा खांदा धरला. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जोर लावायचा नाही. वहिनी म्हणाली, मग तुमच्या चादरी कोण धुणार, तुम्ही? डॉक्टर हसले, गोळ्या लिहून दिल्या.

खरेदी बघणारे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुकादमाला बसवून सांगितलं, की जुनी मशीन आता काढायचीच आहे. नवीन मशीनवर आक्कांना जमलं तर उत्तम, त्यांच्याइतकी भरवशाची बाई मला कुठे मिळणार. पण नाही जमलं तर त्यांना बसवायला माझ्याकडे दुसरी जागा नाही. घड्या घालायच्या टेबलावर जागा भरलेल्या आहेत. तेव्हा बघ बाबा.

मुकादमाने ते वहिनीला सांगितलं नाही. तिला ते आधीच कळलं होतं. लाँड्रीत वाफ आणि बातमी कुठूनही झिरपते.

मशीन विकणाऱ्या कंपनीला डेमोसाठी मेल लिहायचं काम साहेबांनी मुकादमावरच टाकलं. मागच्या वेळी ऑफिसातली चार माणसं जाऊन डेमो बघून आली होती. कुठल्याशा हॉटेलात, पांढऱ्याशुभ्र चादरी घातल्या, पांढऱ्याशुभ्र निघाल्या, सगळे खूश. भरणाऱ्याची छाती कुठे आणि मशीनचं दार कुठे, हे कोणी बघितलंच नव्हतं. म्हणून मुकादम या वेळी मेलला नेट लावून बसला. लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. घरी बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, लग्न ठरवताना तुमच्या घरच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

मेल असा होता:

"आम्हाला तुमच्या दोन दारांच्या मशीनचा डेमो हवा आहे. शोरूममध्ये नको, जिथे ती रोज चालते अशा हॉस्पिटलात हवा. आमच्याकडून पाच जण येतील. मळक्या बाजूने मशीन भरणाऱ्या वहिनी, स्वच्छ बाजूने काढणारी एक बाई, आमचा इलेक्ट्रिशियन, खरेदीचे साहेब आणि मी. आम्हाला बघायचं ते असं. एक, त्या दिवसाच्याच मळक्या चादरी आणि ब्लँकेटं घालून पूर्ण मशीन भरलेली. दोन, मशीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वहिनी स्वतः भरतील. त्यांचा उजवा खांदा दुखावलेला आहे. तुमच्या माणसाने मदत करू नये. तीन, धुणं अर्धं झालेलं असताना स्वच्छ बाजूचं दार उघडायचा प्रयत्न करू, ते उघडता कामा नये. चार, मध्येच मेन स्विच बंद करू, आणि वीज आल्यावर मशीन काय करते ते बघू. स्लाइडवरची माहिती मेलने पाठवली तरी चालेल, ती आम्ही घरी वाचू."

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "वहिनी काय लिहितोस? ऑपरेटर लिही. कंपनीला वाटेल घरची पंगत आहे." मुकादमाने बदललं. खांद्याचं वाक्य मात्र काढलं नाही. साहेबांनीही काढायला सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांनी कंपनीच्या सेल्समधल्या मुलीचा फोन आला. आवाज गोड आणि घाईतला. म्हणाली, सर, आमचा डेमो साधारणपणे निर्णय घेणाऱ्यांसाठी असतो, साहेब आणि तुम्ही आलात तरी पुरे. मशीन आमचा माणूस चालवून दाखवेल, तो फार सफाईने दाखवतो.

"तो आमच्याकडे नोकरीला येणार असेल तर त्याला भरू द्या," मुकादम म्हणाला.

 मग मुलगी हसली. म्हणाली, मेल पुन्हा वाचते आणि कळवते. संध्याकाळी उत्तर आलं. पाचही जण चालतील, ज्या हॉस्पिटलात मशीन आहे त्यांची परवानगी घेतली आहे, ऑपरेटरबाईंसाठी मळक्या बाजूचे गाऊन, हातमोजे, बूट तयार ठेवू, मापं कळवा. मापं मागितल्यावर मुकादमाला ती मुलगी आवडली.

आता लाँड्रीतल्या बायकांनी तोंडसुख घेतलं. घड्या घालता घालता एक म्हणाली, मुकादम, मशीन घेताय की तुमच्या वहिनींसाठी पाळणा? दुसरी म्हणाली, पाळण्याला दार नको, मग डेमो लवकर आटपेल. मुकादम हसला, पण बोलणं लागलं. तो खरंच वहिनीसाठीच मशीन बघत होता का? रात्री जेवताना बायकोला त्याने हे विचारलं. ती म्हणाली, वहिनींना जमेल ते सगळ्यांना जमेल, उलटं नाही. जेवा आता.

डेमोच्या दिवशी ते दुसरं हॉस्पिटल बघून सगळ्यांना आपल्याच घरी आल्यासारखं वाटलं. तीच भिंत, तोच दमट वास, तशीच काच. सेल्सवाल्या मुलीने सगळ्यांना स्वच्छ बाजूला खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. वहिनीने खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. गाऊन चढवला आणि पलीकडच्या दाराने मळक्या बाजूला निघून गेली. मुलगी क्षणभर थबकली, मग स्वतःही गाऊन घालून तिच्या मागे गेली.

मुकादम काचेपाशी उभा राहिला. मशीनचं बाहेरचं दार खरोखर खाली होतं, वहिनीच्या पोटाशी. पाटाची गरज नाही. वहिनीने ते उघडलं, आतल्या पिंपाचं दार उघडलं. पिंपाला तीन खण, प्रत्येक खणाला आपलं पत्र्याचं दार. एक खण भरायचा, दार दाबून खिट्टी बसवायची, पिंप फिरवून पुढचा खण समोर आणायचा. पहिला खण तिने भराभर भरला. साहेब मुकादमाच्या कानाशी म्हणाले, "झालं की रे."

मग खणाचं दार लावायची वेळ आली. चादरी फुगलेल्या, दार आत दाबल्याशिवाय खिट्टी लागेना. तिथला ऑपरेटर सवयीने पुढे सरसावला. सेल्सच्या मुलीने त्याच्या कोपराला हात लावला आणि त्याला मागे घेतलं. वहिनीने गुडघा लावला, डावा तळवा लावला, शेवटी उजव्यावर भार दिला. खिट्टी बसली. तिने काचेकडे वळून अंगठा दाखवला.

मुकादमाने तो अंगठा पुष्कळ वर्षं बघितला होता. तो नेहमी उजव्या हाताचा असायचा. आज डाव्या हाताचा होता, आणि उजवा हात गाऊनच्या शिवणीला चिकटून लोंबत होता.

त्याला हेही कळलं, की आपण या अंगठ्यावर विश्वास ठेवला तर आज सगळे हसत घरी जातील. मशीन येईल. वहिनी दिवसातून कितीतरी वेळा ती खिट्टी बसवेल आणि दर वेळी काचेतून अंगठा दाखवेल. जोपर्यंत दाखवता येईल तोपर्यंत.

त्याने काच वाजवली. दोन बोटं वर केली. पुढचा खण.

वहिनीने पालथा पंजा दाखवला. थांब.

त्याने पुन्हा दोन बोटं वर केली.

तिने दुसरा खण भरला. दाराला गुडघा लावला, तळवा लावला, आणि मग तशीच उभी राहिली. दार हलेना. तिने कपाळ मशीनच्या थंड पत्र्याला टेकवलं.  मुलीने ऑपरेटरला खूण केली, त्याने येऊन दार लावलं.

राहिलेला डेमो रीतसर पार पडला. अर्ध्या धुण्यात स्वच्छ बाजूचं दार ओढून पाहिलं, उघडलं नाही. मेन स्विच बंद केला, दोन्ही दारं घट्ट राहिली, वीज आल्यावर मशीनने थांबल्या जागेवरून धुणं पुढे नेलं. इलेक्ट्रिशियन खूश झाला. साहेब मात्र आवारात येऊन उभे राहिले.

वहिनी अंघोळ करून आली, ओल्या केसांनी. "भावजी," ती म्हणाली, "एक खण बघून भागलं असतं."

"पूर्ण भरून, असं मेलमध्ये लिहिलं होतं."

"लिहिलं कोणी?"

"मीच."

"मग खोडायचं की."

"उद्या खांदा निखळला असता, तेव्हा काय खोडलं असतं?"

वहिनीने पदराने केस पुसले. मग म्हणाली, "तुझा भाऊपण असाच आडमुठा होता." ती त्याला कधी अरेतुरे करत नसे. त्या दिवशी केलं.

सेल्सची मुलगी हातात फोन घेऊन आली. म्हणाली, माझंच चुकलं. तुम्ही खांद्याचं लिहिलं होतं, मी बाहेरच्या दाराची उंची तेवढी तपासली, आतल्या दाराचा विचारच केला नाही. आमच्या दुसऱ्या मॉडेलला खणाच्या दारांना स्प्रिंग असते, बटण दाबलं की दार हलकं येतं, एका हाताने लागतं असं कागदावर आहे. मी स्वतः लावून बघितलेलं नाही, म्हणून खात्री देत नाही. ते लांबच्या एका हॉस्पिटलात बसवलेलं आहे. पुन्हा याल?

साहेबांनी घड्याळ बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि मुकादमाला म्हणाले, मेल टाक. मी येईन.

दुसरा मेल मुकादमाने फारसा खोडला नाही. येणारी माणसं तीच. बघायचं एकच: "तिन्ही खण ब्लँकेटांनी भरून, प्रत्येक खणाचं दार ऑपरेटर फक्त डाव्या हाताने लावतील."

त्या हॉस्पिटलात काच जरा धुरकट होती. मुकादमाने ती रुमालाने पुसली आणि नाक लावून उभा राहिला. वहिनीने पहिला खण भरला, बटण दाबलं, डाव्या तळव्याने दार लोटलं. टक. पिंप फिरवलं. दुसरा. टक. तिसऱ्याला ब्लँकेटाचं टोक अडकलं. तिने ते आत खोचलं आणि दार लोटलं. टक.

मुकादम टकटक करायलाही विसरला. मागून साहेब म्हणाले, "विचार ना त्यांना, कसं वाटतंय."

पण वहिनी काचेकडे आलीच नाही. तिने दार उघडलं, खण पुन्हा रिकामा केला आणि सेल्सच्या मुलीच्या हातात ब्लँकेट देऊन तिला दाखवायला लागली, टोकं आत कशी खोचायची ते.