कागदावर लिहिलं होतं, 'हे येते'

"मॅडम, घरी मले सारं येते, पण पेपर हाती आला का काहीच येत नाही," असं माझी एक विद्यार्थिनी रडत रडत सांगायची. कोहमाऱ्याला हायवेवरच्या ढाब्यांच्या मागे माझी दहावीची शिकवणी आहे. पोरगी हुशार, पण सराव परीक्षेत गणिताचा पेपर कोरा देऊन आली होती. पॉलिटेक्निकला जायचं तिच्या मनात होतं. बोर्डातही तसंच झालं असतं तर संपलंच!

म्हणून पेपरच्या आधीच्या शेवटच्या तासासाठी मी तिला एक कागद करून दिला. गाईडमधल्या त्या बारीक सूत्रांच्या पानांचा मला भारी राग येतो. घाबरलेल्या पोराच्या हाती ते देणं म्हणजे आगीत तेल. माझा कागद अर्धाच, अक्षर ठळक, जागा मोकळी. नवीन काही नाही, तिनं न पाहता लिहून दाखवलेलं तेवढंच. आधी सगळ्यात सोपं: संभाव्यता म्हणजे हव्या त्या शक्यता, भागिले साऱ्या शक्यता. मग श्रेढीचं tn = a + (n − 1)d, बाजूला ३, ७, ११ घेऊन दहावं पद ३९. शेवटी वर्गसमीकरणाचं सूत्र. वर तिच्याच बोलीत लिहिलं, 'हे येते'.

बहुलकाचं सूत्र मात्र गाळलं. आदल्या संध्याकाळी तिनं ते उदाहरण दोनदा बरोबर सोडवलं होतं. पण त्यात f च्या पायाशी चिकटलेले ०, १, २ पाहून ती सकाळी बिचकेल, असं मला वाटलं. खरं सांगू? भरवसाच नव्हता माझा.

परीक्षा केंद्राच्या गेटवर तिनं कागद वाचला. श्वास जरा शांत झाला. "मॅडम, हे सारं येते ना?"

आमच्याकडे तुला जमतं तेही 'येते' आणि पेपरात येणार तेही 'येते'. अगं बाई, हिला वाटतंय मॅडमनं पेपरच फोडून आणला! पण समजावत बसले तर पुन्हा रडेल. "येते, येते. जा आता," म्हणाले. कागद माझ्या हातात देऊन ती हसत आत गेली. पेपर सुटेपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत गेटवरच उभी होते.

ती बाहेर आली ती खुशीतच. "सारं लिहिलं, मॅडम! बहुलकाचं तेवढं सोडलं."

"काऊन? कागदात नव्हतं म्हणून? अगं, पेपरात काय येणार ते मला काय माहीत!"

"पेपराचं नाही जी," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतं ना, हे येते. बहुलक त्यात नव्हतं. मंग मी समजली, ते मले येत नाही. हातच नाही लावला."

तक्रार नव्हती तिची. 'पास तं होतेच मी,' म्हणत नाचत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून "छान झालं" म्हणाले. तुला ते येत होतं गं, एवढं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.