मिरगाआधीची बातमी

मी लिहिलेलं पहिलं प्रसिद्धिपत्रक साप्ताहिकाच्या संपादकांनी परत केलं, तेव्हा माझी कानशिलं तापली. चिखलीत बाबांचा अवजारांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, टिनाचं छप्पर, भट्टी आणि दोन कारागीर. दोन वर्षं खपून बाबांनी पेरणीसाठी नवी लोखंडी तिफण बनवली होती. जुन्या तिफणीच्या चाड्यात बी हातानं सोडावं लागतं. हिच्यात चाकासोबत खाचांची तबकडी फिरायची आणि बी आपोआप नळीतून सारखं पडायचं. मिरगाच्या आत बातमी आली नाही तर लोक जुन्यावरच पेरून मोकळे होणार, आणि बाबांचं आणखी एक वर्ष मातीत जाणार. घरात मॅट्रिक झालेली मी एकटीच, म्हणून लिहिणं माझ्या गळ्यात पडलं.

आता छापील मजकूर म्हटला की आम्हाला लग्नपत्रिकाच ठाऊक. मी तसंच लिहिलं: वर कुलदैवत, मग ‘श्रीकृपेकरून आमचे येथे नवीन तिफण तयार झाली असून’, खाली ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. संपादक म्हणाले, ही जाहिरात झाली, पैसे भरा. बातमी हवी तर काय, कोणी, कुठे, कधी हे पहिल्या परिच्छेदातच सांगा, कारण जागा कमी पडली की मी खालून कापतो. आणि स्वतःचं कौतुक नको, वापरणाऱ्याचं म्हणणं आणा.

मीही हट्टाला पेटले. अमडापूरच्या एका शेतकऱ्यानं रब्बीत ही तिफण चालवून पाहिली होती, त्याला जाऊन गाठलं. तो म्हणाला, बी झकास पडते, पण वावर जास्त ओलं असलं की नळी तुंबते, थांबून मोकळी करावी लागते. बाबा म्हणाले, पहिलं लिही, दुसरं गाळ. मी नाही म्हटलं.

“आपल्याच हातानं घरची अब्रू काढून राह्यली तू,” बाबा म्हणाले, आणि उठून भट्टीकडे गेले. मला रडू आलं, रागही आला. तरी त्या शेतकऱ्याचं अख्खं बोलणं मी दुसऱ्या परिच्छेदात घातलं. ‘वऱ्हाडात अशी तिफण झाली नाही’ हे बाबांचं वाक्य सगळ्यात खाली टाकलं. कापलं जाणार हे मला पक्कं माहीत होतं. बाबांनी न वाचताच सही ठोकली.

बातमी छापून आली. बाबांचं वाक्य उडालं होतं, तुंबणारी नळी जशीच्या तशी होती. बातमीत दिल्याप्रमाणे बाजाराच्या दिवशी कारखान्यासमोर तिफण मांडली. माणसं जमली, पण हात कोणी लावेना. मग धोतर खोचलेला एक म्हातारा पुढं आला. नळी तुंबते असं छापलंय, ते खरं हाय का, त्यानं विचारलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून त्यांनी नळी खोलली आणि चिखल कुठं अडकतो ते बोटानं दाखवलं.

“हाव, खरं हाय,” ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान हलवली. “मंग बाकीचं बी खरं असन. मले एक द्या.”